वाढत्या अंगाचे कपडे ठीक, वाढत्या पायाचे बूट नकोत

"शाळेचे बूट दोन नंबर मोठेच घ्यावेत, पुढे कापूस कोंबावा. दुकानात टोकाशी अंगठ्याएवढी जागा लागली की माप बरोबर. मग दोन वर्षं बघायला नको, टोचले तर मूल सांगतंच."

आधी दोन नंबरांचा हिशेब. आपल्याकडच्या नंबरांत दर नंबरामागे लांबी साधारण साडेआठ मिलिमीटरने वाढते. समजा, सात वर्षांच्या मुलीचं पाऊल १९१ मिलिमीटर आहे. १२ नंबरच्या बुटाची आतली लांबी २०३ भरली, तर पुढे १२ मिलिमीटर मोकळे राहतात आणि तेवढेच हवेत. दोन नंबर वर गेलं (१३ नंतर पुन्हा १ येतो), की तीच जागा २९ होते. मग बूट जिथे दुमडतो तिथे चवडा येत नाही, टाच प्रत्येक पावलाला वर सरकते, फोड येतात, आणि बूट निसटू नये म्हणून मूल बोटं आखडून चालतं. कापसाने फक्त टोक भरतं, टाच सुटीच राहते. टाच धरायला नाडी किंवा वेल्क्रोच लागतो. पावसात भिजलेला कापूस दबून गोळा होतो, ते वेगळंच.

अंगठ्याची खूण चुकीची नाही, पण ढोबळ आहे. मोठ्या माणसाचा अंगठा आडवा धरला तर दोनेक सेंटीमीटर भरतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. शिवाय शाळेच्या बुटाचं टोक कडक असतं, वरून दाबून काही कळत नाही, आणि दाबलं की मूल बोटं आत ओढून घेतं. त्यापेक्षा संध्याकाळी, शाळेचे मोजे घालून, मुलाला भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करा. बसून नको, कारण भार पडला की पाऊल पसरतं. सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं), दोन्ही पायांचं, आणि मोठं माप धरा. दुकानात बुटातला सुटा इनसोल काढून त्यावर मुलाला उभं करा. पुढे १० ते १५ मिलिमीटर दिसले पाहिजेत. इनसोल चिकटवलेला असेल, तर पावलाच्या मापापेक्षा १२ मिलिमीटर लांब पुठ्ठ्याची पट्टी कापून न्या. ती न वाकता आत बसली पाहिजे.

दोन वर्षं तर सोडाच. या वयात पाऊल महिन्याला जवळपास एक मिलिमीटर वाढतं, काहींचं एकदम झेप घेतं. जूनमधले १२ मिलिमीटर दिवाळीच्या सुट्टीत सातआठ उरतात, जानेवारीत पाचच्या आसपास. तिथे बूट बदलायचा. म्हणून सहा वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी, पुढे दहापर्यंत दर चार महिन्यांनी तोच कागद काढून मोजा.

मूल सांगेल या भरवशावर तर मुळीच राहू नका. लहान पाऊल मऊ असतं, दाबलं तरी दुखत नाही. संध्याकाळी मोजे काढल्यावर बोटांची टोकं लाल आहेत का, नख काळंनिळं आहे का, ते पाहा. इनसोलवरचे बोटांचे ठसे थेट कडेला भिडले असतील, तर बूट आखूड झाला आहे. मूल मागची बाजू चेपून चपलेसारखा बूट घालू लागलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी पाऊल मोजा.