कढीपत्त्याखालचा मीटर

पाण्याचं बिल आलं तेव्हा मी चहा पीत होतो. एरवी हे बिल चारशेच्या आसपास येतं, म्हणून मी ते न वाचताच फ्रिजवरच्या चुंबकाखाली सरकवतो. या वेळी तळाच्या चौकटीत 1625 हा आकडा होता. मी चहाकडे संशयाने पाहिलं.

"एवढं पाणी कोण पितंय?" मी घराला विचारलं. घरात आम्ही चौघं. मुलीने मान खाली घातली, कारण तिच्या आंघोळीचं मोजमाप बादल्यांत नव्हे तर गाण्यांत होतं. बायको म्हणाली, "आधी बिल वाच तरी." म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच मी पाणीपट्टीचं बिल वाचायला बसलो.

पहिली ओळ सोपी होती. मागील वाचन 1462, चालू वाचन 1526, वापर 64 युनिट. युनिट म्हणजे हजार लिटर. मीटरच्या काचेखाली काळे आकडे असतात ते युनिटचे आणि लाल असतात ते त्याखालच्या लिटरचे. लाल आकडेही घाईत टिपून घेतले, तर माणूस एका रात्रीत जलतरण तलावाचा मालक होतो. मी अंगणात जाऊन मीटर बघायचं ठरवलं. अंगणात मीटर नव्हता.

मीटर होता, पण त्याच्या चेंबरच्या झाकणावर आईची कढीपत्त्याची कुंडी होती. "तिथे ऊन छान येतं रे," आई म्हणाली. कुंडी दोघांनी उचलली, गोगलगाई हलवल्या, झाकण काढलं. काळे आकडे सांगत होते 1527. म्हणजे वाचन खरं होतं, रीडिंगवाल्याने शेवटी मीटर शोधला होता. घरातले सगळे नळ बंद करून मी काचेतल्या छोट्या चक्राकडे पाहत पाच मिनिटं उकिडवा बसलो. गळती असेल तर नळ बंद असतानाही ते चक्र फिरत राहतं. चक्र ढिम्म होतं. माझे गुडघे मात्र बोलले.

मग 64 युनिट जास्त आहेत का? सांडपाण्याच्या वाहिन्या असलेल्या शहरांत माणशी दिवसाला 135 लिटर हा सरकारी मापदंड आहे. बिलावरच्या तारखा मोजल्या तर 122 दिवस निघाले. चौसष्ट हजार लिटरला आधी 122 ने आणि मग चारने भागलं, तर उत्तर आलं 131. आम्ही नियमापेक्षाही चार लिटर सज्जन होतो. मुलीने मान वर केली.

इथेच मला ती गोष्ट दिसली, जी बिलवाल्या यंत्राला दिसली नव्हती. आमचं बिल दर दोन महिन्यांचं असतं आणि हे वाचन होतं चार महिन्यांचं.

आता दराचे टप्पे बघा. आमच्याकडे दोन महिन्यांत पहिली 30 युनिट आठ रुपयांनी, पुढची 20 बारा रुपयांनी आणि त्याच्या वरची वीस रुपयांनी. टप्पा ओलांडला म्हणून सगळं पाणी महाग होत नाही, फक्त ओलांडलेलं होतं, इतकी दया त्यात आहे. पण यंत्राने चार महिन्यांचं पाणी दोन महिन्यांच्या शिडीवर चढवलं. 30 युनिटचे 240, 20 युनिटचे 240 आणि उरलेल्या 14 युनिटचे 280, एकूण 760. कालावधी दुप्पट तर टप्पेही दुप्पट हवेत. मग पहिली 60 युनिट आठच्या दराने 480 आणि वरची चार बाराने 48, मिळून 528 होतात. दोन जणांचं जेवण एकाच्या ताटात वाढायचं आणि मग "काय खादाड माणूस आहे" म्हणायचं, असा हा प्रकार.

पुढची ओळ मलनिस्सारण आकार, पाणीपट्टीच्या 50 टक्के. सांडपाण्याला मीटर नसतो (आणि असावा असं मलाही वाटत नाही, तो वाचायला कोण जाणार?), म्हणून आत आलेल्या पाण्यावरून बाहेर गेलेलं ठरवतात. कढीपत्त्याने प्यायलेलं पाणी कधीच गटारात गेलं नाही, हा मुद्दा आईने मांडला. तो मी नोंदवून घेतला. त्रास वेगळाच होता. वरची चूक टक्केवारीतून खाली झिरपते. 528 वर 264 यायला हवे होते, 760 वर 380 आले. म्हणजे 232 रुपयांची चूक वाटेत 348 ची झाली.

मीटर भाडे 40. मीटर मी स्वतः पैसे मोजून घेतलाय, पावती आहे. त्यावर मी नंतर विचारलं तेव्हा "वेगळा अर्ज करा" असं उत्तर मिळालं. चाळीस रुपयांसाठी वेगळा अर्ज करण्याएवढा मी अजून निवृत्त झालेलो नाही.

उरली थकबाकी, 436, अधिक विलंब आकार 9. हे तर मी भरले होते! शेवटच्या दिवशी का होईना, मोबाइलवरून. पावती काढली आणि दोन गोष्टी कळल्या. एक, पैसे जमा होण्याआधीच नवी बिलं छापायला गेली होती. दुसरी जास्त मजेची होती. त्या मागच्या बिलावर चालू वाचनाच्या जागी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "मीटर आढळला नाही, सरासरी 32 युनिट".

सगळ्यांनी कढीपत्त्याकडे पाहिलं.

म्हणजे चारपैकी पहिल्या दोन महिन्यांचे पैसे सरासरीने आधीच घेतले गेले होते, आणि आता खरं वाचन मिळाल्यावर तेच पाणी पुन्हा विकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बिलं, पावती आणि मीटरचा फोटो घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीतला तरुण म्हणाला, "काका, सिस्टीमने काढलंय." मी म्हटलं, "सिस्टीमने काढलंय ते दिसतंय, सरासरीची वजावट कोण टाकतं?" 'वजावट' हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा बदलला. देवळात पुजाऱ्याला गाभाऱ्यातला शब्द ऐकू यावा तसा. "ती हाताने टाकावी लागते," तो हळूच म्हणाला आणि कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

528 आणि 264 मिळून 792. त्यातून सरासरीचे पाणी आणि मलनिस्सारण मिळून भरलेले 396 वजा. उरले 396. त्यात भाडं 40. थकबाकी आणि विलंब आकार त्याने लाल शाईने खोडले, बाजूला 'सुधारित' लिहून सही केली आणि आकडा मांडला: 436.

"मागचं बिलही एवढंच होतं की," तो म्हणाला.

"होय," मी म्हटलं. "आम्ही सातत्याने पाणी पितो."

पैसे भरायची खिडकी जेवणासाठी बंद होती. ती उघडेपर्यंत मी बाकावर शेजारच्या आजोबांचं बिल वाचून दिलं. त्यांचा कालावधी 60 दिवसांचाच होता, तरी मी खात्रीसाठी दोनदा मोजला.

घरी आईने कुंडी हलवायला साफ नकार दिला. शेवटी मुलीने कुंडीवर खडूने बाण काढून 'मीटर याच्या खाली' असं लिहिलं. परवा रीडिंगवाला येऊन गेला. त्याने कुंडी स्वतः उचलली, वाचन घेतलं, कुंडी परत जागेवर ठेवली आणि जाताना आईला विचारून कढीपत्त्याच्या चार काड्या नेल्या.