रिफंड हमखास बुडवण्याची घरगुती पद्धत

समजा, गाडी चार तास लेट आहे, तुम्ही जायचा बेत सोडलाय आणि तिकीट आहे कन्फर्म तत्काळचं. सावध व्हा, पैसे परत मिळण्याचा मोठा धोका आहे! तुमच्या स्टेशनवरून सुटायला गाडीला तीन तासांहून जास्त उशीर झाला आणि तुम्ही गेला नाहीत, तर रेल्वे पूर्ण भाडं परत देते. होय, तत्काळचंसुद्धा.

हे टाळायचं तर आमच्या मामांकडून शिका. त्यांची गाडी रात्री 9.10 ची. स्टेशनवर पोचले तेव्हा मोबाइलवर दिसत होतं, चार तास उशीर. मामांनी लगेच स्क्रीनशॉट काढला, रिक्षा केली, घरी येऊन पिठलं-भात खाल्ला आणि 'सकाळी बघू' म्हणून झोपले. गाडी 1.20 ला सुटली. मामा आठला उठले, चहा झाला, मग पैसे परत मागायचा दावा, म्हणजे टीडीआर, भरायला आयआरसीटीसीच्या साइटवर `File TDR` शोधायला लागले.

झालं काम! हा टीडीआर गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत भरायचा असतो. म्हणजे मामांच्या हातात 1.20 पर्यंतचा वेळ होता, आणि त्यातला बराचसा पिठल्यात गेला. "पण गाडी लेट होती हे खोटं आहे का?" मामा अजून विचारतात. खोटं नाही हो मामा, पण तुम्हीही लेटच होतात.

तुमची गाडी लेट नसून रद्द होणार असेल, तर पद्धत वेगळी. रेल्वेने गाडी रद्द केली की ई-तिकिटाचे पैसे आपोआप, ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात येतात, बहुतेकदा आठवड्याभरात. तिथे टीडीआर लागत नाही, रद्द करण्याचं बटणही दाबावं लागत नाही. म्हणून ते आधीच दाबा. आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर 'गाड्या बंद आहेत म्हणे' असं वाचलं, की अधिकृत घोषणेची वाट न बघता तिकीट स्वतःच कॅन्सल करा. कॅन्सलेशन चार्ज बिनबोभाट कापला जाईल.

आणि एवढं सांगूनही कुणी रात्री बाराला जागून, योग्य कारण निवडून टीडीआर भरलाच, तर त्याने चौथ्या दिवसापासून रोज बँकेत फोन करावा. बँकेला त्यातलं काही ठाऊक नसतं. आयआरसीटीसी दावा फक्त पुढे पाठवते. संबंधित झोनची रेल्वे आपल्या नोंदीतून गाडी खरंच किती वाजता सुटली ते ताडून बघते आणि मग निर्णय देते, त्यात दोन-तीन महिने सहज जातात. तोवर बघायची जागा एकच, साइटवरची टीडीआर हिस्टरी. तिकीट एजंटकडून काढलं असेल तर पैसे आधी एजंटच्या खात्यात जातात, तेव्हा त्याला विचारायचं मात्र कटाक्षाने टाळा.

मामांनी तो स्क्रीनशॉट रंगीत प्रिंट काढून फायलीत लावलाय. पाहुणे आले की दाखवतात.