काका, ही ओल आमच्या वापरामुळे नाही

"घरात माणसं राहतात म्हणून ओल येते. भाडेकरू खिडक्या बंद ठेवतात, कपडे आत वाळवतात, मग भिंत खराब होते. खर्च डिपॉझिटमधून कापायचा, करारात किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडेच असते."

काका, तुम्ही पाठवलेला हा मेसेज मलाही याआधी दोन-तीन ग्रुपवर आलाय, म्हणून नीट उत्तर लिहितोय.

खिडक्या-कपड्यांमुळे ओल येते हे खरंय, पण ती वेगळी दिसते. हवेतली वाफ गार भिंतीवर बसते, कपाटामागे नाहीतर वरच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते. आपल्याकडे बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, फरशीपासून गुडघ्यापर्यंत, पिवळट कडेचा डाग आहे, रंगाचे पोपडे सुटलेत आणि खाली पांढरा क्षार भुरभुरतोय. म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतंय. तरी खात्री करायला भिंत पुसून फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवला, दुसऱ्या दिवशी काढला तर खोलीकडची बाजू कोरडी आणि भिंतीकडची ओली. हवेतली ओल असती तर उलटं दिसलं असतं.

आता पाणी कुठलं? मी डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाकत होतो. आम्ही बाहेर होतो तेव्हा डाग रेघेच्या आतच राहिला, परत येऊन अंघोळी सुरू झाल्या तशी ओल रेघेबाहेर सरकली. नळाची लाइन फुटली असती तर आम्ही नसतानाही वाढलीच असती, म्हणून माझा संशय नहाणी ट्रॅपच्या जॉइंटवर किंवा फरशीच्या सांध्यांवर आहे. प्लंबरला नहाणीचं तोंड बंद करून दिवसभर फरशीवर पाणी साठवून बघायला सांगा: ओल वाढली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय, नाही वाढली आणि पाणी सोडल्यावर वाढली तर ट्रॅप किंवा खालचा पाइप.

किरकोळ दुरुस्तीचं म्हणाल तर नळाचा वॉशर, बल्ब, कडी हे मी बदलतोच, कधी तुम्हाला विचारलंही नाही. पण फरशीखालचा जॉइंट मला दिसत नाही, मी तो बसवला नाही आणि फोडायचा अधिकारही मला नाही. हां, ओल दिसूनही मी गप्प बसलो असतो आणि त्यामुळे नुकसान वाढलं असतं तर वाढीव खर्चात माझा वाटा मागणं बरोबर होतं, पण पहिला डाग दिसला तेव्हाच फोटोसकट तुम्हाला कळवलंय, मेसेज तारखेसह आहे.

आणि प्लीज, आधी आतून वॉटरप्रूफ रंग मारून घेऊ नका. मागून पाणी येत राहिलं की तो रंग पापडासारखा सुटतो आणि पैसे दोनदा जातात. आधी गळती बंद, मग क्षार धरलेलं प्लास्टर डागाच्या थोडं वरपर्यंत खरवडून काढायचं, भिंत पूर्ण वाळू द्यायची (याला आठवडे लागतात, घाई नको), मग नवीन प्लास्टर आणि रंग.

गळती, प्लास्टर, रंग तुमच्याकडे. सामान हलवणं आणि कामवाल्यांना वेळ देणं माझ्याकडे, रविवारी सकाळी कधीही पाठवा. जॉइंट उघडताना तुम्हीही या, आणि माझी काही तोडफोड सापडली तर तो खर्च मी देईन.