तेज, दर महिन्याला

डबा सुंदर होता, यात वाद नाही. फिकट गुलाबी, आत चुरचुरणारा कागद, झाकणावर सोनेरी अक्षरं : ‘तेज, दर महिन्याला’. आत फेसवॉश, सीरम, मॉइश्चरायझर आणि लिप बाम. वर्गणी महिन्याला ५९९ रुपये. छपाईवाला पाचशेच्या खाली डबे करत नव्हता, म्हणून पाचशे केले.

हिशेब दाखवायला काकांकडे इतवारीत गेले. त्यांचं किराणा दुकान. कॅल्क्युलेटर शोपीस, बेरीज पावतीच्या पाठीवर. ५९९ मधले ९१ रुपये जीएसटीचे, हे त्यांनी आधीच खोडलं. उरले ५०८. माल २६०, डबा-कागद ४५, पेमेंटवाल्याचे १२. “अन् कुरिअर?”

“एकशे दहा.”

“कायचे? वजन तं पाव किलोच्या वर थोडंसंच!”

इथे मला कुरिअरचं शास्त्र सांगावं लागलं. हलका पण मोठा डबा असेल तर ते लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमध्ये गुणाकार करून ५००० ने भागतात. माझा डबा २५ बाय २० बाय १०, म्हणजे बरोब्बर एक किलो. काकांनी डबा हलवला. आत कागद चुरचुरला.

“पोरी, तू क्रीम विकून राह्यली का हवा?”

उरत होते ८१. दर महिन्याला चौघींतली एक सोडते, म्हणजे एक बाई सरासरी चार महिने टिकते : ३२४ रुपये. आणि तिला आणायला जाहिरातीवर गेले होते चारशे. जितक्या बायका वाढतील तितकी मी बुडणार होते, आणि मी तर साठाव्या बाईला पेढे वाटले होते.

डबा २० बाय १५ बाय ८ केला. भागाकार ०.४८, अर्ध्या किलोच्या खाली, कुरिअर ६५. डबाही १५ रुपयांनी स्वस्त. आता महिन्याला १४१ उरत होते. मी काकांकडे विजयी नजरेनं पाहिलं.

“मे महिना यू दे,” काका म्हणाले.

आला. पारा पंचेचाळीसला, आणि कुरिअरच्या बंद गाडीत काय होत असेल ते अमरावतीच्या एका ताईंच्या फोटोवरून कळलं. लिप बाम वितळून सीरमच्या बाटलीला लपेटला होता. वीसात एक डबा नव्यानं पाठवायचा धरला, तर प्रत्येक डब्यामागे १८ रुपये गेले. चार महिन्यांचे मिळून, जाहिरात वजा जाता, एका बाईमागे ९२ रुपये. साठ बायकांचे महिन्याला १३८०, आणि रात्री बारापर्यंत चिकटपट्टी लावणारी मी फुकट.

एप्रिल ते जून लिप बाम बंद केलाय, ६९९ किंमत करून बघतेय. वाढवलेल्या शंभरातले जीएसटी काढून ८५ हाती येतात. मोठ्या डब्यांपैकी चारशेवर अजून माळ्यावर आहेत. आईनं परवा त्यातल्या काहींत सांडगे भरले. झाकणावर सोनेरी अक्षरं तशीच.