नऊ मिनिटांच्या व्हॉइस नोटमधून चार कामांचा निरोप

घरातील वडीलधाऱ्या माणसांची लांबलचक व्हॉइस नोट आली की आपल्याकडे साधारण एकच गोष्ट घडते. कोणीतरी ती दुप्पट वेगाने ऐकतो आणि कुटुंबाच्या गटावर एक ओळ टाकतो, "आत्याला बँकेत न्यायचंय, जमिनीचं काहीतरी बघायचंय, गोळ्या संपत आल्यात." सगळे जण अंगठा दाखवतात आणि आठवडाभराने कळते की कोणीच काही केलेले नाही. या एका ओळीत कोणी, कधीपर्यंत आणि कशाच्या आधारे करायचे यांपैकी काहीही नसते, त्यामुळे ती वाचणाऱ्या प्रत्येकाला आपल्या वाट्याचे काम दिसतच नाही. माझे ठाम मत असे आहे की व्हॉइस नोटचा लेखी निरोप करणे हे सारांश लिहिण्यापेक्षा वेगळे काम आहे. सारांशात बोलण्याचा गाभा येतो. निरोपात मागणी यायला हवी, आणि मागणी बऱ्याचदा बोलण्याच्या गाभ्यात नसतेच.

माझ्या आत्याचे उदाहरण देते. ती वाई तालुक्यातील एका गावी एकटी राहते. यजमान प्राथमिक शिक्षक होते, ते आता हयात नाहीत. थोरला मुलगा टोरंटोला, धाकटा पुण्यात. लहान अक्षर तिला वाचवत नाही आणि टंकणे जमत नाही, म्हणून ती व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवते. रविवारी, 9 नोव्हेंबरला आलेली नोट जवळपास नऊ मिनिटांची होती.

पहिल्यांदा ऐकताना मी काहीही लिहीत नाही आणि वेगही वाढवत नाही. वेग वाढवला की शब्द कळतात, पण थांबणे, आवंढा गिळणे, "असू दे" म्हणताना खाली गेलेला आवाज हे सगळे निसटते, आणि मागणी अनेकदा तिथेच असते. दुसऱ्यांदा ऐकताना कागद घेऊन बसते आणि "लागतंय", "संपलंय", "विचारत होते", "बघ बाई", "जमलं तर" असे शब्द जिथे येतात तिथली वेळ, म्हणजे मिनिट आणि सेकंद, टिपून ठेवते. वेळ टिपलेली असली की पुढे शंका आल्यावर सगळी नोट पुन्हा ऐकावी लागत नाही. तिसऱ्यांदा फक्त त्या टिपलेल्या जागा ऐकायच्या, आणि तेव्हा नावे, तारखा व आकडे तपासायचे.

या नोटमध्ये सर्वांत जास्त वेळ, सुमारे अडीच मिनिटे, शेजारच्या शेतकऱ्याने नांगरताना बांध कसा कोरला याला गेला होता. ऐकणाऱ्याला सहज वाटेल की हीच मुख्य तक्रार आहे आणि निरोपात "मोजणीचा अर्ज करा" असे लिहायला हवे. मात्र त्या अडीच मिनिटांत मी टिपून ठेवते त्यांपैकी एकही शब्द नव्हता. मी फोन करून विचारले तेव्हा आत्या म्हणाली, "ते नुसतं तुझ्या कानावर घातलं गं. त्याचं काय करायचं नाही." याउलट पाचव्या मिनिटाला, वांग्याच्या भावाबद्दल बोलता बोलता, एकच वाक्य येऊन गेले होते: "आणि ती सकाळची पांढरी गोळी, ती आता चारच राहिल्यात बघ." त्यानंतर लगेच पुन्हा वांगी. रविवारी चार गोळ्या शिल्लक म्हणजे बुधवारपर्यंतच्या, आणि गोळी रक्तदाबाची. सगळ्या नोटमधील सर्वांत तातडीचे काम सर्वांत कमी शब्दांत सांगितले गेले होते. म्हणून निरोपातील क्रम बोलण्याच्या क्रमाने किंवा लांबीने लावू नये. ज्याची मुदत आधी संपते ते वर यावे.

त्या गोळीबाबत एक पथ्य मी कधीच मोडत नाही. "पांढरी गोळी" यावरून औषधाचे नाव ओळखून लिहायचे नाही, आपल्याला ते आठवत असले तरीही नाही. तेच औषध 20 मिलिग्रॅमचे असते, 40 चेही असते, आणि मधल्या काळात डॉक्टरांनी ते बदललेलेही असू शकते. शेजारच्या मुलाला सांगून आत्याकडून पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवायचा, आणि तो येईपर्यंत निरोपात "नाव पक्के नाही" असे स्पष्ट लिहायचे.

बँकेचा विषय तिने तीनदा काढला आणि तिन्ही वेळा शेवटी "तुमची गडबड असेल तर राहू दे" असे म्हटले. इथे लिहिणाऱ्याची खरी कसोटी लागते. "जमल्यास बँकेत न्यावे" असे लिहिले तर वाचणारा ते बाजूला ठेवेल. "आत्याला बँकेत न्यायलाच हवे" असे लिहिले तर तिच्या तोंडी हुकूम घातल्यासारखे होईल आणि तिला ते आवडणार नाही. मी दोन गोष्टी वेगळ्या करते. कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला नोव्हेंबर संपण्याच्या आत द्यावाच लागतो. ही सक्ती नियमाची आहे, तिची नाही. सोबत कोण येणार यात मात्र तिने मुलांना मोकळीक दिली आहे. मुदत ठामपणे लिहायची आणि माणसाची निवड प्रश्न म्हणून ठेवायची. सोबत का हवी याचे कारणही तिच्याच बोलण्यात होते, ते गाळायचे नाही: "मागल्या वर्षी त्या यंत्रानं माझा अंगठाच घेतला नाही, तासभर उभी होते." आयुष्यभर शेतात राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात आणि यंत्राला ठसा मिळत नाही. हे कारण वाचल्यावर मुलाला समजते की रिक्षा ठरवून देऊन भागणार नाही. काउंटरवर तिच्या शेजारी उभे राहून बोलणारे कोणीतरी लागेल.

तारखांच्या बाबतीत बोलण्यातला एकही शब्द तसाच लिहू नये. "परवा तलाठ्याकडं जाऊन आले" यातला परवा मागचा आहे हे ऐकताना कळते, पण सोमवारी किंवा मंगळवारी निरोप वाचणारा दिवस चुकीचा मोजतो. नोट रविवारची, म्हणून ते शुक्रवार, 7 नोव्हेंबर असे लिहायचे. बँकेसाठी ती आधी "पुढल्या मंगळवारी" म्हणाली आणि लगेच "नको, मंगळवारी नको, बुधवारी" असे तिने दुरुस्त केले. दुरुस्ती झाली की आधीचा दिवस निरोपात येता कामा नये. तरीही पुढला बुधवार म्हणजे 12 की 19, हे ऐकून ठरत नव्हते. ते तिलाच विचारले. 12 तारखेला गावात भैरवनाथाच्या देवळात कार्यक्रम होता, तिला 19 हवी होती.

नोटच्या अगदी शेवटी, "बरं ठेवते आता" असे म्हणून झाल्यावर, आणखी चाळीसेक सेकंद होते. ही जागा मी सर्वांत काळजीने ऐकते, कारण संकोचाने मागे ठेवलेले बोलणे निरोप घेतानाच बाहेर पडते. तिथे ती म्हणाली, "दादाचा फोन येतो रात्री दहाला. मला झोप आवरत नाही. त्याला वाटतं आई नीट बोलत नाही." यात तिने काहीच मागितलेले नाही. मी तिला विचारले, "आत्या, त्यानं सकाळी केला तर चालेल का?" ती म्हणाली, "सातला चहा होतो माझा, तेव्हा बरं पडंल." भारतात सकाळचे सात म्हणजे या दिवसांत टोरंटोला आदल्या रात्रीचे साडेआठ. त्यालाही ती वेळ सोयीची आहे. ही मागणी मी तिच्या होकारानंतरच लिहिली. ऐकणाऱ्याने लावलेला अर्थ बोलणाऱ्याच्या नावावर घालण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एक गोष्ट मात्र गटावर गेली नाही. मागच्या महिन्याच्या गोळ्यांसाठी तिने शेजारच्या सूनबाईंकडून साडेसातशे रुपये घेतले होते आणि त्यांच्यासमोर जायला तिला अवघड वाटत होते. ते परत करायचे आहेत का, असे विचारल्यावर ती हो म्हणाली, पण "सगळ्यांना नको सांगू" असेही म्हणाली. ते धाकट्या भावाला वेगळे कळवले. याच कारणासाठी मूळ व्हॉइस नोट मी कधीही तिला न विचारता पुढे पाठवत नाही. ती माझ्याशी बोलत होती. तिच्या आवाजातील सगळेच सगळ्यांसाठी नव्हते.

सोमवारी सकाळी मी लिहिलेला मजकूर तिला फोनवर सावकाश वाचून दाखवला. वारस नोंदीच्या ओळीला तिने अडवले. तलाठ्यांनी आधार कार्डाच्या प्रती मागितल्या, पण तारीख दिली नाही, असे तिचे म्हणणे होते, आणि "घाई आहे असं लिहू नको, पोरं उगाच घाबरतील" असे तिने बजावले. मग गटावर गेलेला निरोप असा होता:

"दादा, भाऊ, आत्याच्या रविवारच्या (9 नोव्हेंबर) व्हॉइस नोटमधील चार कामे. तिला वाचून दाखवली आहेत.

1. रक्तदाबाची गोळी बुधवार, 12 तारखेपर्यंतच पुरेल. नाव पक्के नाही, पाकिटाचा फोटो आज मागवला आहे. फोटो आला की भाऊ, वाईच्या दुकानातून पोहोचवण्याचे तू सांगशील का?

2. हयातीचा दाखला 30 नोव्हेंबरच्या आत द्यायचा आहे. आत्याला बुधवार, 19 तारखेला बँक उघडतानाच जायचे आहे. गेल्या वर्षी यंत्राने अंगठा घेतला नव्हता, म्हणून आत सोबत कोणीतरी हवे. भाऊ, तुला जमत नसेल तर मी जाते. गुरुवार, 13 तारखेपर्यंत सांग.

3. वारस नोंदीसाठी तलाठ्यांनी शुक्रवारी, 7 तारखेला तुम्हा दोघांच्या आधार कार्डाच्या प्रती मागितल्या. मुदत सांगितलेली नाही. 19 च्या फेरीत देता येतील, तोवर मला पाठवा.

4. दादा, फोन रात्री 10 ऐवजी इथल्या सकाळी 7 वाजता कर, म्हणजे तुझ्याकडचे आदल्या रात्रीचे 8:30. रात्री तिला झोप येते."

यात "आत्या एकटी आहे, तिच्याकडे लक्ष द्या" असे वाक्य मी हेतुपुरस्सर घातलेले नाही. तसे वाक्य वाचून मुलांना अपराधी वाटते आणि ती उत्तर द्यायला कचरतात. चौथे काम वाचून थोरल्याने अर्ध्या तासात "उद्यापासून सकाळी" असे कळवले. प्रत्येक कामात कोणाला विचारले आहे हे नावानिशी असल्याने धाकट्याचेही उत्तर कामागणिक आले: गोळीला हो, बँकेला हो, आधारची प्रत सोबत.

मुलांसाठी निरोप लेखी असला, तरी आत्याला उत्तर लेखी पाठवून उपयोग नाही. संध्याकाळी मी तिला व्हॉइस नोट केली, मिनिटभराची. गोळी उद्या दुपारपर्यंत येईल, 19 तारखेला सकाळी नऊला धाकटा दारात असेल, आधारच्या प्रती तोच आणेल, आणि दादाचा फोन उद्या चहाच्या वेळी येईल.