चोपड्याच्या भाऊंना उत्तर: ते 4,600 रुपये नेमके कशाचे होते

*“साहेब, तुम्ही लिहिलं होतं की सोनं लाखावर आहे, ऑप्शनचा आयव्ही 16 आहे, म्हणजे महिन्याभरात भाव 4,600 रुपयांच्या आत हलेल. मुलीचं लग्न होतं. तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवून थांबलो. दीड महिन्यात वायदा 7,000 रुपयांनी चढला. चोपड्याचा आमचा सराफ म्हणत होता, आत्ताच घेऊन टाका. त्याला काही आयव्ही-बियव्ही लागत नाही. हे सगळं गणित म्हणजे बैलाला चढवलेली झूल आहे, खाली बैल तोच.”*

भाऊ, आधी माझी चूक. “आत हलेल” हे शब्द माझे आहेत आणि ते चुकीचे आहेत. बाजार असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, तीन वेळांपैकी साधारण दोन वेळा भाव या पट्ट्यात राहील. तिसऱ्या वेळेचं मी लिहिलंच नाही, आणि तुमच्या वाट्याला नेमकी तीच आली.

हा पट्टा कुठून येतो ते पाहू. आयव्ही म्हणजे ऑप्शनच्या भावातून निघणारा, बाजाराने वर्षभरासाठी धरलेला चढउताराचा टक्का. एमसीएक्स या वायदेबाजारात सोन्याचा वायदा 10 ग्रॅमला 1,00,000 असेल, तर 1,00,000 च्याच स्ट्राइकचा कॉल आणि पुट बघायचे. स्ट्राइक म्हणजे आधीच ठरलेला भाव, त्या भावाला वायदा घ्यायचा हक्क तो कॉल, विकायचा हक्क तो पुट. एक्स्पायरीला, म्हणजे ऑप्शन संपायला, 30 दिवस आहेत आणि प्रत्येकाचा प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, 1,830 च्या आसपास आहे असं धरा. बेरीज 3,660. भाव वर जावो की खाली, एवढं तरी हलेल असं मानून कोणीतरी दोन्ही बाजू विकत घेतोय. म्हणजे 3,660 ही बाजाराने धरलेली सरासरी हालचाल झाली. सरासरीवरून तिनात दोन वेळांचा पट्टा काढायला तिला सव्वाने गुणलं की 4,575 येतात. माझे 4,600 तिथून आले. हेच उलट्या बाजूनेही काढता येतं: 16 टक्क्यांना, एका वर्षात 30 दिवस किती याच्या वर्गमुळाने गुणलं, की 4.6 टक्के.

वर्गमुळामुळेच दुसरा घोळ झाला. पट्टा दिवसांबरोबर रुंदावतो, पण दिवस दीडपट झाले म्हणून तो दीडपट होत नाही. तुम्ही 45 दिवस थांबलात. 45 दिवसांचा पट्टा साधारण 5,600 रुपयांचा होता, 4,600 चा नव्हे. त्या मोजपट्टीवर 7,000 म्हणजे सव्वापट. एवढी किंवा याहून मोठी हालचाल, वर किंवा खाली धरून, साधारण पाचात एकदा होते. फक्त वरच्या बाजूला दहात एकदा. दहात एकदा म्हणजे अशक्य नव्हे. आपल्याकडे रावेर-यावलला वादळाने केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा “यंदा कसं काय झालं?” असं कोणी विचारत नाही.

केळीच्या विम्याचं उदाहरण इथे बरोबर बसतं. हप्ता वाढला म्हणून वादळ कुठल्या गावाला गाठणार ते कळत नाही. आयव्हीही दिशा सांगत नाही. 16 चा आयव्ही 7,000 ने चढण्यालाही तेवढाच लागू आणि पडण्यालाही. शिवाय विमावाला हप्त्यात आपला नफा धरतो, तसं ऑप्शन विकणाराही धरतो. म्हणून आयव्ही प्रत्यक्ष हालचालीपेक्षा बरेचदा थोडा जास्तच असतो. तुमचा सराफ “आत्ताच घ्या” म्हणाला ते खरं ठरलं, मान्य. पण सराफ “थांबा” कधी म्हणतो, हेही एकदा आठवून बघा.

आता एक गोष्ट, जी मी त्या लेखात लिहायला हवी होती. आयव्ही ही एक्स्पायरीपर्यंतच्या सगळ्या दिवसांची सरासरी असते. एखादा मोठा दिवस त्यात लपलेला असला तर तो वरवर दिसत नाही. 23 जुलै 2024 चं बजेट आठवतं? सोन्यावरची आयात ड्युटी 15 वरून 6 टक्क्यांवर आली आणि एका दिवसात वायदा पाच टक्क्यांहून जास्त घसरला. जळगावच्या सराफ बाजारात तेव्हा कालचा भाव विचारायचीही सोय नव्हती. अमेरिकेत जीव्हीझेड नावाचा सोन्याच्या आयव्हीचा निर्देशांक आहे, पण त्यात ना आपली ड्युटी, ना आपला रुपया. असा धक्का त्यात दिसणारच नाही. तो बघून इथला अंदाज बांधू नका.

समोर अशी तारीख असताना आयव्ही कसा वाचायचा? आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. एक्स्पायरीला बाजाराचे 24 दिवस आहेत, त्यातला एक बजेटचा. वर्षात बाजाराचे साधारण अडीचशे दिवस, त्याचं वर्गमूळ 16 च्या जवळ, त्याने आयव्हीला भागलं की दिवसाची हालचाल मिळते. आयव्ही 16, म्हणजे दिवसाला सरासरी 1 टक्का. हालचालींची बेरीज सरळ होत नाही, त्यांच्या वर्गांची होते, म्हणून 24 दिवसांचे एकूण 24. आता साध्या दिवसांत बाजार किती धरतो ते बजेटच्या आधीच संपणाऱ्या ऑप्शनवरून काढा. तिथे आयव्ही 13 दिसला, तर दिवसाला 0.82 टक्के, वर्ग 0.67, आणि 23 दिवसांचे 15.4. उरले 8.6. त्याचं वर्गमूळ जवळपास 2.9. म्हणजे त्या एका दिवसावर बाजाराने सुमारे 3 टक्के लावलेत, लाखाला 2,900 रुपये. “दिवसाला एक टक्का” हे वाचून त्या दिवशी निवांत बसणारा माणूस फसतो.

दिवस मोजताना तारीख ऑप्शनच्या एक्स्पायरीची घ्यायची, वायद्याची नव्हे. ऑप्शन वायद्याच्या डिलिव्हरीच्या काळाआधीच संपतो आणि वायद्यात बदलतो. ही चूक मीही बरेच दिवस करत होतो. आयव्ही उगाच कमी निघायचा आणि मला वाटायचं, बाजार किती शांत आहे!

आणि स्क्रीनवरच्या आयव्हीवर डोळे झाकून विश्वास नको. लांबच्या स्ट्राइकमध्ये सौदे विरळ असतात. दुपारी झालेल्या सौद्याचा भाव संध्याकाळीही तसाच पडून असतो आणि आयव्ही त्याच शिळ्या भावावरून निघतो. तपासायला सोपं आहे. एकाच स्ट्राइकच्या कॉलमधून पुट वजा करा. उत्तर वायद्याच्या भावातून स्ट्राइक वजा केल्यावर येईल तेवढंच, फार तर थोडं इकडेतिकडे, यायला हवं. वायदा 1,00,400, स्ट्राइक 1,00,000, तर फरक 400 च्या जवळ. 900 आला, तर दोघांपैकी एक भाव शिळा आहे. त्यावरून काढलेला आयव्ही सोडून द्या. मी शेवटच्या सौद्याचा भाव घेत नाही, खरेदी-विक्रीच्या बोलीचा मध्य घेतो. तोही संध्याकाळी, अमेरिकेचा बाजार जागा झाल्यावर, तेव्हा बोल्या जवळजवळ येतात.

धाकटीचं लग्न पुढच्या वर्षी म्हणताय ना? मग दागिने घ्यायच्या तारखेनंतर लगेच संपणारा ऑप्शन शोधा, वायद्याच्या भावाजवळच्या स्ट्राइकचे कॉल आणि पुट बेरजेला घ्या, सव्वाने गुणा. वर्षभर लांबच्या ऑप्शनमध्ये बोल्या मिळणार नाहीत, तेव्हा तीन-चार महिने उरले की बघा. जो आकडा येईल तेवढे जास्तीचे रुपये 10 ग्रॅममागे हाताशी असले तर थांबा. त्याच्या दीडपटही परवडत असतील तर आणखी बरं. नसतील, तर सराफाचं ऐकून थोडं थोडं आधीच घ्या. त्यात माझ्या गणिताची काही नाचक्की नाही.