रेषेखाली कोण उभं आहे?

"२०० डीएमए म्हणजे मोठ्या फंडांची खरेदीची रेषा. चांगला शेअर तिथे टेकला की उसळतोच, १०० पैकी ९० वेळा. रेषा रोज वर सरकते, म्हणून आधारही रोज वाढतो. स्टॉपलॉस लावून उगाच नुकसान करून घेऊ नका, रेषेवर डोळे मिटून भरा."

२०० डीएमए म्हणजे शेअरच्या गेल्या २०० दिवसांच्या सरासरी भावाची रेषा, आणि स्टॉपलॉस म्हणजे भाव ठरवलेल्या पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर. हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं तोवर मी गप्प होतो. पण बुधवारी नागपूरच्या महाल भागात काकांकडे तर्री-पोहे खायला गेलो, तर काका म्हणाले, "चार लाखाची एफडी मोडतो बाप्पा, रेषेवर आला शेअर." म्हणून हे लिहितोय.

१०० पैकी ९० हा आकडा कुणी मोजला, कोणत्या शेअरवर, किती वर्षांचा, याचा पत्ता नाही. त्यावर वेळ घालवत नाही.

रेषा रोज वर सरकते हे मात्र बघू. गेल्या २०० दिवसांचे बंद भाव बेरजेत घेऊन २०० ने भागायचे, एवढीच ती रेषा. आज नवा भाव आत येतो, २०१ वा जुना बाहेर पडतो. समजा रेषा ५०० वर आहे, शेअर घसरून ४६० वर बंद झाला आणि आज बाहेर पडलेला जुना भाव ४०० होता. फरक ६० रुपये, भागिले २००, म्हणजे रेषा ३० पैशांनी वर गेली. शेअर रेषेच्या ४० रुपये खाली पडलाय आणि रेषा चढतेच आहे! तिला आजच्या घसरणीची खबर नाही, ती दहा महिन्यांपूर्वीचा स्वस्त भाव विसरतेय.

आता जे खरं आहे ते कबूल करतो, नाइलाजानं. उसळी येते. निफ्टीसारख्या निर्देशांकात तर बऱ्याचदा येते. एक कारण साधं आहे: बाजार वर्षभर चढत असला की रेषा आपोआप भावाच्या खाली राहते, आणि चढत्या बाजारातली घसरण बहुतेकदा भरून निघतेच, रेषा असो वा नसो. दुसरं कारण म्हणजे ती रेषा सगळ्यांच्या पडद्यावर एकाच जागी असते. हजारो लोक तिथे खरेदीच्या ऑर्डरी लावून बसतात, शॉर्ट केलेले, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकून बसलेले, तिथेच नफा उचलायला परत घेतात. मागणी जमते, भाव वळतो, आणि सगळे म्हणतात, बघा, रेषेनं धरलं. रेषेनं नाही, रांगेनं धरलं.

आणि इथेच स्टॉपलॉस नको म्हणणारा माणूस घातक ठरतो. कॅरल ऑस्लर या अर्थतज्ज्ञ बाईंनी २००३ मध्ये 'जर्नल ऑफ फायनान्स'मध्ये एका मोठ्या बँकेकडे आलेल्या परकीय चलनाच्या ऑर्डरी तपासल्या. नफा उचलण्याच्या ऑर्डरी पूर्णांकी भावांवर गोळा होत्या, आणि विक्रीचे स्टॉपलॉस त्या भावांच्या जरासे खाली. म्हणून भाव तिथे येऊन वळतो. पण ओलांडला तर एकामागून एक स्टॉपलॉस सुटतात आणि घसरण वेग घेते. अभ्यास चलनाचा आहे, सरासरीच्या रेषेचा नाही, हे मान्य. पण गर्दी जिथे जमते तिथे यंत्रणा तीच. ज्या गर्दीमुळे उसळी येते, तिच्यातल्याच बऱ्याच जणांचे स्टॉपलॉस रेषेच्या खाली टांगलेले असतात. वरची खरेदी संपली की खाली नुसती विक्री.

२०२० च्या फेब्रुवारीअखेरीस निफ्टी साधारण ११,६०० ते ११,७०० दरम्यान या रेषेवर होता. "टेकलाय, घ्या" म्हणणारे तेव्हाही होते. २८ फेब्रुवारीला बंद भाव ११,२०१. २३ मार्चला ७,६१०. रेषेवर डोळे मिटून भरणाऱ्याचे चार आठवड्यांत शंभरातले पस्तीस गेले. रेषा तोवर जवळपास तिथेच होती. निफ्टी पुढे सावरला, कारण तो ५० कंपन्यांचा आहे. एकटा शेअर सावरेलच असं कुणी लिहून देत नाही.

"मोठ्या फंडांची रेषा" हा मुद्दा काकांच्या शेअरला लागूच नाही. छोटी कंपनी, कुठला मोठा फंड तिच्यात नाही, ती रेषा पाहणारे किती? आणि असा शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवशीच्या घसरणीच्या मर्यादेला लागला की घेणारा नसतो, मग स्टॉपलॉस लावलेला असूनही विक्री होत नाही. म्हणजे तिथे स्टॉपलॉसवरही विसंबता येत नाही. किती पैसे लावायचे तेच आधी आवरावं लागतं.

पोहे संपल्यावर काकांच्याच मोबाइलवर त्या शेअरची मार्केट डेप्थ, म्हणजे कोणत्या भावाला किती खरेदी-विक्री लागलीय ती यादी, उघडली. रेषा १८४ वर, भाव १८५. खालच्या पाच भावांवर मिळून खरेदीदार होते ७१२ शेअरचे. काका घेणार होते २,१०० च्या वर.

"म्हणजे उद्या मला विकायचे असले तर?" काकांनी विचारलं. मी मोबाइल त्यांच्याकडे सरकवला. तोवर ७१२ चे ६४० झाले होते.